पृथ्वीपासून अनंतापर्यंत : कार्य मर्यादित का राहते आणि तो आकडा कुठे वापरायचा

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. m वस्तुमान पृथ्वीच्या पृष्ठभागावरून अनंतापर्यंत नेण्याचे कार्य GMm/R असे पुस्तकात दिले आहे. पण गुरुत्वाकर्षण कुठेच शून्य होत नाही आणि अंतर तर अनंत, मग कार्य अनंत का होत नाही? वरच्या मर्यादेत सरळ ∞ टाकणे चालते का? मी उंची h शून्यापासून धरून सोडवले तर उत्तर अनंतच आले. आणि कोणतेही यान अनंताला जात नसेल, तर या आकड्याचा उपयोग काय?

उत्तर :

मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना अनेक वर्षे गणित शिकवत आहे आणि ही शंका जवळजवळ दर वर्षी कोणी ना कोणी विचारतो. अडचण बहुधा संकलनाच्या रीतीत नसते, तर ‘अनंत’ हे एखादे ठिकाण आहे आणि तिथे पोहोचून हिशेब पूर्ण करायचा आहे, या समजुतीत असते. खरा प्रश्न असा मांडावा : वस्तू कितीही दूर न्यायची ठरवली, तरी प्रत्येक वेळी पुरेल असा कार्याचा एखादा ठरावीक साठा आहे का, आणि असल्यास त्यांतला सर्वांत लहान साठा कोणता? अनंतापर्यंतचे कार्य म्हणजे तो सर्वांत लहान साठा. अशी मांडणी केली की कोणीही अनंताला पोहोचण्याची गरज उरत नाही.

उत्तर कोणत्या गोष्टींवर अवलंबून आहे, ते आधी सांगतो. येथे पृथ्वी एकटी आहे असे धरले आहे, म्हणजे सूर्य आणि चंद्र हिशेबात नाहीत. ती गोल आहे आणि तिचे वस्तुमान केंद्राभोवती सर्व दिशांना सारखे पसरलेले आहे, त्यामुळे बाहेरच्या वस्तूवर तिचे बल जणू सगळे वस्तुमान केंद्राशीच असल्यासारखे लागू होते. हवेचा विरोध नाही. वस्तू सुरुवातीला आणि शेवटी स्थिर आहे, म्हणजे आपण केलेले सारे कार्य गुरुत्वाकर्षणाविरुद्ध खर्च होते, वेग वाढवण्यात जात नाही. चिन्हाबद्दलही आताच ठरवून घेऊ : आपण लावलेले बल बाहेरच्या दिशेने आहे आणि वस्तूही त्याच दिशेने जाते, म्हणून आपले कार्य धन. गुरुत्वाकर्षणाने केलेले कार्य तेवढेच, पण ऋण. उत्तरपत्रिकेत उणे चिन्ह कुठून आले हे कळेनासे होते, तेव्हा बहुतेक वेळा कोणाचे कार्य मोजत आहोत हेच लिहिलेले नसते.

आता वस्तू केंद्रापासून R अंतरावर, म्हणजे पृष्ठभागावर आहे आणि ती केंद्रापासून b अंतरापर्यंत न्यायची आहे. b ही साधी, मर्यादित संख्या आहे. लागणारे कार्य असे :

W(b) = ∫ (R ते b) GMm/r² dr = GMm (1/R − 1/b)

इथपर्यंत अनंताचा संबंधच आलेला नाही. हे नेहमीचे निश्चित संकलन आहे. आता या उत्तराकडे नीट पाहा. b वाढत गेला की 1/b कमी होत जातो, म्हणून W(b) सतत वाढत जातो. पण तो GMm/R या संख्येच्या पुढे कधीच जात नाही आणि तिच्या हवे तितके जवळ जातो. इम्प्रॉपर इंटिग्रल म्हणजे हेच : आधी b पर्यंतचे संकलन करायचे आणि मग b अमर्याद वाढू देऊन त्याची सीमा घ्यायची. सीमा अस्तित्वात असेल तर संकलन अभिसारी, नसेल तर अपसारी. येथे सीमा GMm/R आहे आणि वर सांगितलेला ‘सर्वांत लहान पुरेसा साठा’ तोच.

हे सूत्राने पटते, पण मनाला पटायला थोडा वेळ लागतो. त्यासाठी मी वर्गात प्रवासाचे टप्पे पाडतो आणि प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्याच्या दुप्पट लांब ठेवतो. पहिला टप्पा R पासून 2R पर्यंत, दुसरा 2R पासून 4R पर्यंत, तिसरा 4R पासून 8R पर्यंत, असे. टप्पा दुप्पट लांब झाला की कार्य वाढायला हवे हे खरे. पण त्याच वेळी केंद्रापासूनचे अंतरही दुप्पट झाल्याने बल चौथाई झालेले असते. दुप्पट लांबी गुणिले चौथाई बल, म्हणजे निम्मे कार्य. म्हणून प्रत्येक टप्प्याला आधीच्या टप्प्याच्या बरोबर निम्मे कार्य लागते.

एक किलोग्रॅम वस्तूसाठी आकडे घालू. पृथ्वीसाठी GM चे मूल्य सुमारे 3.986 × 10¹⁴ मी³/से² आणि सरासरी त्रिज्या ६,३७१ किमी. यावरून GM/R सुमारे ६२.६ मेगाज्यूल प्रति किलोग्रॅम येते. पहिल्या टप्प्याला यातले ३१.३ मेगाज्यूल लागतात, दुसऱ्याला सुमारे १५.६, तिसऱ्याला ७.८, चौथ्याला ३.९. टप्पे अनंत आहेत, पण त्यांची बेरीज १/२ + १/४ + १/८ + … या गुणोत्तर श्रेणीसारखीच चालते आणि ती १ वर थांबते. अर्धे कार्य पृष्ठभागापासून फक्त एका त्रिज्येच्या उंचीपर्यंत संपून जाते. उरलेल्या अर्ध्यात बाकीचे सारे विश्व मावते.

आता तुमच्या शंकेचे दुसरे टोक. ‘बल शून्याकडे जाते म्हणून कार्य मर्यादित राहते’ असे उत्तर पुष्कळ विद्यार्थी देतात, आणि ते अपुरे आहे. बल शून्याकडे जाणे पुरेसे नसते, ते पुरेशा वेगाने शून्याकडे जावे लागते. समजा, निसर्गात गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाऐवजी नुसत्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात असते आणि पृष्ठभागावर त्याचे मूल्य आजच्याइतकेच, म्हणजे mg असते. मग r अंतरावर बल mgR/r झाले असते. तेही दूर जाताना शून्याकडेच जाते. पण आता टप्पे मोजा : टप्पा दुप्पट लांब झाला आणि बल फक्त निम्मे झाले, म्हणजे प्रत्येक टप्प्याला सारखेच कार्य लागले. ते mgR गुणिले २ चा नैसर्गिक लॉगॅरिदम, म्हणजे एका किलोग्रॅमला सुमारे ४३.४ मेगाज्यूल येते. सारख्या रकमा कितीही वेळा मिळवत गेलो तर बेरीज कुठेच थांबत नाही. अशा विश्वात पृथ्वीपासून सुटका होणे शक्यच नसते. कितीही वेगाने वर फेकलेला दगड, उशिरा का होईना, परत आला असता.

म्हणून 1/rᵖ या स्वरूपाच्या बलासाठी निर्णायक आकडा p = 1 हा आहे. p एकापेक्षा मोठा असेल तर अनंतापर्यंतचे कार्य मर्यादित, एक किंवा त्याहून लहान असेल तर अमर्याद. आपला p दोन आहे, म्हणजे आपण सुरक्षित बाजूला बरेच आत आहोत. व्यस्त वर्गाचा नियम येथे नुसती पार्श्वभूमी नाही, उत्तर मर्यादित येण्याचे तेच कारण आहे.

वरच्या मर्यादेत ∞ टाकण्याबद्दल. −GMm/r या प्रतिसंकलकात r च्या जागी ∞ लिहून ‘शून्य’ म्हणणे ही सीमेची लघुलिपी आहे. ती वाचणाऱ्याला आणि लिहिणाऱ्याला सीमा म्हणूनच समजत असेल, तर या उदाहरणात काही बिघडत नाही. पण सवय म्हणून ती धोक्याची आहे, कारण ∞ ही संख्या नाही आणि तिच्यावर बेरीज-वजाबाकी चालत नाही. एक उदाहरण करून पाहा. R पासून अनंतापर्यंत 1/r − 1/(r+R) याचे संकलन करा. दोन पदे वेगळी करून प्रत्येकात ∞ टाकलात तर ‘अनंत वजा अनंत’ असे काही तरी हाती येईल आणि मग कोणी शून्य म्हणेल, कोणी अनंत. तेच b पर्यंत एकत्र ठेवून केले तर ln(b/(b+R)) − ln(1/2) मिळते, b वाढला की पहिले पद शून्याकडे जाते आणि उत्तर ln 2 येते. म्हणून माझा आग्रह असा की b ची ओळ लिहावीच. ती एक ओळ जास्त असते, पण संकलन अभिसारी आहे हे तुम्ही तपासले, गृहीत धरले नाही, हे तिच्यावरूनच दिसते. परीक्षकही बहुधा तीच शोधत असतो.

आता तुमचे अनंत आलेले उत्तर. तुम्ही काय केले असावे, ते प्रश्नावरून कळते : बल GMm/h² असे लिहून h शून्यापासून अनंतापर्यंत घेतला. उत्तर अनंत आले हे तुमच्या संकलनापुरते बरोबरच आहे, कारण तुम्ही वेगळाच प्रश्न सोडवला. त्या सूत्रातला h म्हणजे पृष्ठभागापासूनची उंची नव्हे, तर केंद्रापासूनचे अंतर. h शून्य ठेवणे म्हणजे पृथ्वीचे सगळे वस्तुमान एका बिंदूत कोंबून वस्तू त्या बिंदूवरूनच उचलायला सुरुवात करणे, आणि त्याला खरोखरच अमर्याद कार्य लागेल.

अशा वेळी दोष नेमका कोणत्या टोकाला आहे, ते शोधण्याची खात्रीची रीत म्हणजे संकलन मध्ये कुठे तरी तोडणे. शून्य ते अनंत याऐवजी शून्य ते R आणि R ते अनंत असे दोन भाग करा आणि दोन्ही स्वतंत्रपणे तपासा. दुसरा भाग GMm/R इतका मर्यादित येतो. पहिला भाग एखाद्या छोट्या ε पासून R पर्यंत केला तर GMm (1/ε − 1/R) येतो आणि ε शून्याकडे गेला की तो फुगतच जातो. म्हणजे अनंत आले ते खालच्या टोकाकडून, तुम्ही ज्याला घाबरत होता त्या वरच्या टोकाकडून नव्हे. 1/r² चे वैशिष्ट्यच हे आहे की ते दूरच्या टोकाला अभिसारी आणि शून्याच्या टोकाला अपसारी असते. दोन्ही टोके संशयास्पद असतील तर संकलन तोडल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, हा नियम येथे अगदी उपयोगी पडतो.

उंचीच चल म्हणून हवी असेल तर बल GMm/(R+h)² असे लिहा आणि h शून्यापासून अनंतापर्यंत घ्या; r = R + h असा बदल केला की मूळ संकलन परत मिळते. प्रत्यक्षात पृथ्वीच्या आत गेल्यावर व्यस्त वर्गाचे हे सूत्र लागूच होत नाही, कारण पृथ्वीचे सारे वस्तुमान मग आपल्या खाली राहत नाही. पृथ्वीची घनता सर्वत्र सारखी धरली तर आतले बल केंद्राकडे जाताना सरळ प्रमाणात कमी होत शून्य होते आणि केंद्रापासून पृष्ठभागापर्यंत आणण्याचे कार्य mgR/2 इतके साधे निघते. खरी पृथ्वी आत जास्त घन आहे, त्यामुळे हा अर्धा नेमका लागू पडत नाही, पण तेही मर्यादितच राहते.

उत्तर बरोबर आले का हे पाहण्यासाठी मी दोन तपासण्या वापरतो. पहिली : पृष्ठभागावर g = GM/R² असल्याने GMm/R हेच mgR असे लिहिता येते. म्हणजे पृथ्वीपासून अनंतापर्यंत नेण्याचे पूर्ण कार्य हे, वजन अजिबात कमी न होता ६,३७१ किमी उंच उचलण्याच्या कार्याइतके असते. हे वाचन लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण त्यातून उत्तराचा आकार लगेच कळतो. तुमच्या उत्तराला g सोबत लांबीचे एकक येत नसेल, तर कुठे तरी घसरलेले आहे. ६२.६ मेगाज्यूल म्हणजे विजेच्या मीटरवरचे सुमारे साडेसतरा युनिट.

दुसरी तपासणी लहान उंचीची. h उंचीपर्यंतचे कार्य सरळ रूपात mgh/(1 + h/R) असे लिहिता येते. h लहान असेल तर छेद जवळजवळ एक होतो आणि शाळेतले mgh परत मिळते, मिळालेच पाहिजे. ४०० किमी उंचीसाठी, म्हणजे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या सुमाराला, mgh प्रमाणे एका किलोग्रॅमला ३.९३ मेगाज्यूल येतात आणि खरे उत्तर ३.७० येते, म्हणजे फरक सुमारे सहा टक्के. तिथपर्यंत नुसते उचलण्याला पूर्ण ६२.६ पैकी सहाच टक्के लागतात, हेही या निमित्ताने दिसते. तिथे टिकून राहण्यासाठी लागणारा सुमारे ७.७ किमी प्रतिसेकंद वेग द्यायला मात्र त्याच्या जवळजवळ आठपट ऊर्जा लागते.

आता शेवटचा भाग : यान कधीच अनंताला जात नसताना हा आकडा कशाला? W(b) चे सूत्र पुन्हा पाहा. b अंतरापर्यंत पोहोचल्यावर उरलेले कार्य GMm/b असते, म्हणजे एकूणाचा R/b इतका भाग. हा उरलेला भाग कळला की ‘अनंत’ कुठून सुरू झाले असे मानायचे, हे आपण ठरवू शकतो. एक टक्का चूक चालणार असेल तर शंभर त्रिज्या, म्हणजे ६.३७ लाख किमी पुरेसे आहेत. चंद्राच्या सरासरी अंतरावर, ३,८४,४०० किमीवर, १.७ टक्के बाकी असते. ही बाकी कोणत्याही अंतराला शून्य होत नाही, पण कोणत्या अंतरावर ती दुर्लक्ष करण्याइतकी होते, हे काम कोणते आहे त्यावर ठरते.

मंगळयानाचे उदाहरण यासाठी फार चांगले आहे, कारण त्याने हा हिशेब हप्त्याहप्त्याने चुकता केला. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीने ते पृथ्वीभोवतीच्या एका लांबट कक्षेत सोडले. त्या कक्षेचा सर्वांत जवळचा बिंदू सुमारे २४८ किमी आणि सर्वांत दूरचा सुमारे २३,५५० किमी उंचीवर होता. कक्षेत फिरणाऱ्या वस्तूची ऊर्जा काही उंचीच्या आणि काही वेगाच्या रूपात असते आणि दोन्ही मिळून अनंतापर्यंतची बाकी किती, ते एका साध्या सूत्राने मिळते : जवळच्या आणि दूरच्या बिंदूंची केंद्रापासूनची अंतरे मिळवायची आणि GM ला त्या बेरजेने भागायचे. येथे बेरीज २४८ + २३,५५० + २ × ६,३७१, म्हणजे ३६,५४० किमी. भागाकार येतो सुमारे १०.९ मेगाज्यूल प्रति किलोग्रॅम. म्हणजे प्रक्षेपकाने ६२.६ पैकी जवळजवळ ५१.७ मेगाज्यूल पहिल्याच दिवशी देऊन टाकले होते. पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यातून मिळालेला वाटा यातच आला. श्रीहरिकोट्याच्या अक्षांशावर तो सुमारे ०.१ मेगाज्यूल असतो.

त्यानंतर यानाने स्वतःचे इंजिन अनेकदा, दर वेळी पृथ्वीच्या जवळच्या बिंदूपाशी, चालवून कक्षा लांबवत नेली. १६ नोव्हेंबरपर्यंत दूरचा बिंदू सुमारे १,९२,८७४ किमीवर गेला. हाच भागाकार पुन्हा केला तर बाकी १.९४ मेगाज्यूल उरते. आता दोन्ही आकडे शेजारी ठेवा. दूरचा बिंदू साडेतेवीस हजारांवरून जवळजवळ दोन लाख किमीवर नेण्याला सुमारे नऊ मेगाज्यूल लागले, आणि त्या दोन लाखांवरून अनंतापर्यंत नेण्याला दोनसुद्धा लागणार नव्हते. दुप्पट टप्प्यांचा मघाचा युक्तिवाद येथे खऱ्या यानाच्या आकड्यांत दिसतो. तुमच्या मनातला ‘अनंत अंतर म्हणजे अनंत खर्च’ हा संबंध इथे तुटायला हरकत नसावी.

१ डिसेंबर २०१३ च्या पहाटेआधी इंजिन सुमारे २२ मिनिटे चालले आणि यानाचा वेग सुमारे ६४८ मीटर प्रतिसेकंद वाढला. हे प्रज्वलन एका क्षणात, पृथ्वीजवळच्या बिंदूपाशी झाले असे धरून हिशेब करतो; बावीस मिनिटांत यान बरेच पुढे सरकते, त्यामुळे आकडे अंदाजाचे समजावेत. त्या बिंदूपाशी यानाचा वेग सुमारे १०.८ किमी प्रतिसेकंद होता. त्यात ०.६४८ मिळवल्याने गतिज ऊर्जेत किलोग्रॅममागे सुमारे ७.२ मेगाज्यूलची भर पडते. बाकी १.९ फेडून सुमारे ५.३ शिल्लक राहतात, आणि ती शिल्लक पृथ्वीपासून खूप दूर गेल्यावर सुमारे ३.२ किमी प्रतिसेकंद वेगाच्या रूपाने यानाजवळ राहते. मंगळाकडच्या वाटेला लागण्यासाठी नेमका असाच काही वेग शिलकीत हवा असतो. नुसती बाकी फिटली असती तर यान पृथ्वीपासून सुटले असते, पण दूर जाता जाता पृथ्वीच्या सापेक्ष त्याचा वेग शून्याकडे गेला असता.

४ डिसेंबरला यान सुमारे ९.२५ लाख किमीच्या पुढे गेले. हे अंतर पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे १४५ पट आहे आणि तिथे पृथ्वीची बाकी एकूणाच्या ०.७ टक्क्यांवर आलेली असते. या अंतरानंतर यानाच्या मार्गाचा हिशेब सूर्याला केंद्र धरून करणे सोयीचे होते. मोहिमेचे गणित करणाऱ्यासाठी पृथ्वीचे ‘अनंत’ व्यवहारात येथे येते. सूत्रातला ∞ म्हणजे एवढेच, की पृथ्वीच्या ओढीची उरलेली बाकी आता इतर गोष्टींपुढे नगण्य झाली आहे.

हा आकडा कुठे वापरू नये, हेही सांगायला हवे. एका किलोग्रॅमला ६२.६ मेगाज्यूल लागतात म्हणून तेवढ्या ऊर्जेचे इंधन पुरेल, असा अर्थ काढू नका. संकलनात m एकच, न बदलणारा आहे. रॉकेटला मात्र पुढे जाळायचे इंधनही सोबत उचलावे लागते, इंजिनातून बाहेर पडणारे वायू ऊर्जेचा मोठा वाटा घेऊन जातात, आणि वर चढताना जितका वेळ जातो तितका वेळ नुसते वजन तोलून धरण्यातही जोर खर्च होतो. सुमारे १,३४० किलोग्रॅमच्या मंगळयानासाठी प्रक्षेपक सुमारे ३२० टनांचा होता. GMm/R ही किमान मर्यादा आहे. तिच्याखाली कोणतेही यंत्र जाऊ शकत नाही. तिच्या किती वर जावे लागेल, हे यंत्रावर ठरते आणि त्याबद्दल हे संकलन काहीच सांगत नाही.

दुसरी मर्यादा सूर्याची. सुरुवातीला आपण पृथ्वी एकटी धरली होती. पृथ्वीच्या ओढीतून सुटलेली वस्तू अजून सूर्याच्या ओढीत असते आणि त्यासाठी हेच संकलन पुन्हा करावे लागते, फक्त R च्या जागी सूर्यापासूनचे आपले अंतर, म्हणजे सुमारे १४.९६ कोटी किमी, आणि M च्या जागी सूर्याचे वस्तुमान येते. उत्तर सुमारे ८८७ मेगाज्यूल प्रति किलोग्रॅम, म्हणजे पृथ्वीच्या चौदा पट. पण हा आकडा ६२.६ मध्ये सरळ मिळवता येत नाही, कारण पृथ्वी सूर्याभोवती सुमारे २९.८ किमी प्रतिसेकंद वेगाने फिरते आहे आणि तिच्यावरच्या प्रत्येक किलोग्रॅमकडे या वेगाची ऊर्जा, सुमारे ४४४ मेगाज्यूल, आधीच आहे. या अंतरावर सूर्यापासून सुटण्यासाठी ४२.१ किमी प्रतिसेकंद वेग लागतो, म्हणून पृथ्वीच्या गतीच्या दिशेने निघाल्यास पृथ्वीपासून दूर गेल्यावर १२.३ शिलकीत असले की पुरते. पृथ्वीची बाकी फेडूनही १२.३ उरायचे तर पृष्ठभागाजवळ किती वेग हवा, ते ११.२ चा वर्ग आणि १२.३ चा वर्ग यांच्या बेरजेच्या वर्गमुळाने मिळते : सुमारे १६.६ किमी प्रतिसेकंद. यातला ११.२ हा तुमच्याच संकलनातून येतो, कारण ½v² = GM/R ठेवले की मिळणारा मुक्तिवेग तोच आहे. वेग सरळ न मिळवता त्यांचे वर्ग मिळवले, कारण बेरीज ऊर्जांची होते; हे गणित सोडवताना ११.२ आणि १२.३ मिळवून २३.५ लिहिणारे पुष्कळ भेटतात.